पहिलं चुकलं, दुसरं लागलं: सीरियाच्या आकाशातल्या एका चकमकीचा प्रकरण अभ्यास

18 जून 2017 च्या संध्याकाळी सीरियात तबकाच्या दक्षिणेला अमेरिकी नौदलाच्या एका एफ/ए-18ई सुपर हॉर्नेटनं सीरियन हवाई दलाचं एक सुखोई-22 पाडलं. 1999 च्या कोसोवो युद्धानंतर अमेरिकी विमानानं वैमानिक असलेलं विमान हवेत पाडण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून बातमी गाजली. पण हा विषय शिकणाऱ्याला त्यातला दुसरा तपशील जास्त उपयोगी आहे. हॉर्नेटनं आधी उष्णतेचा माग काढणारं एआयएम-9एक्स साइडवाइंडर डागलं आणि ते चुकलं. मग रडारनं लक्ष्य शोधणारं एआयएम-120 ॲमराम डागलं आणि ते लागलं. लक्ष्य तेच, दिशा जवळपास तीच, मधे काही सेकंदांचं अंतर. क्षेपणास्त्रं कशाच्या आधारानं लक्ष्य शोधतात आणि त्यांना कसं चकवतात, हे समजून घ्यायला इतकी आटोपशीर लढाई क्वचितच मिळते.

दोन्ही वैमानिकांची नावं इथं टाकलेली नाहीत. एकाला हॉर्नेटचा वैमानिक आणि दुसऱ्याला सुखोईचा वैमानिक म्हटलं आहे. घटनाक्रम अमेरिकी सैन्याच्या जाहीर निवेदनातून आणि हॉर्नेटच्या वैमानिकानं नंतर जाहीरपणे केलेल्या कथनातून घेतला आहे. पहिलं क्षेपणास्त्र का चुकलं, हा भाग मात्र माझा तर्क आहे आणि तो तसाच वाचावा.

पार्श्वभूमी

रक्का इस्लामिक स्टेटच्या हातून सोडवण्याची मोहीम तेव्हा चालू होती. जमिनीवर अमेरिकेच्या पाठिंब्यानं सीरियन डेमोक्रॅटिक फोर्सेस लढत होत्या. त्या दिवशी साडेचारच्या सुमाराला असद सरकारच्या बाजूच्या फौजांनी जादीन गावात या गटावर हल्ला केला. अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या आघाडीच्या विमानांनी खालून घिरट्या घालून ताकद दाखवली आणि तो हल्ला थांबला. संघर्ष टाळण्यासाठी रशियन सैन्याशी जी थेट फोनलाइन ठेवलेली होती, तिच्यावरही निरोप गेला.

हॉर्नेट यूएसएस जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश या विमानवाहू नौकेवरच्या व्हीएफए-87 तुकडीचं होतं. त्याचं त्या दिवसाचं काम जमिनीवरच्या सैन्याला हवेतून मदत करण्याचं, म्हणजे मुख्यतः बॉम्ब टाकण्याचं होतं. हवाई लढाईच्या तयारीनं कोणी उडालेलं नव्हतं, तरी विमानावर दोन जातींची हवाई क्षेपणास्त्रं होती.

सुखोई-22 हे एका इंजिनाचं, पंखांचा कोन बदलता येणारं, जमिनीवर मारा करणारं जुनं सोव्हिएत विमान. त्यात शत्रूच्या रडारची चाहूल देणारं यंत्र असतं, उष्णतावेधी क्षेपणास्त्राला चकवणारे जळते गोळे म्हणजे फ्लेअर आणि रडारला चकवणारे तंतू म्हणजे चाफ, हे सोडण्याच्या नळ्या असतात. उष्णतावेधी क्षेपणास्त्र सुटल्याचं सांगणारी कोणतीही व्यवस्था मात्र नसते. पुढच्या सगळ्या गोष्टींची गाठ इथं आहे. उष्णतावेधी क्षेपणास्त्र स्वतःहून कसलाही किरण फेकत नाही, समोरून येणारी उष्णता फक्त टिपतं. त्यामुळे ते सुटलं तरी रडारची चाहूल देणारं यंत्र गप्पच राहतं.

पेच

सुखोई जादीनजवळ आलं आणि खालच्या सैन्याच्या रोखानं सरकू लागलं. हॉर्नेटच्या वैमानिकानं ते डोळ्यांनी ओळखलं. आपत्कालीन रेडिओवरून इशारे दिले गेले. हॉर्नेट जवळून, पुढून गेलं आणि इशारा म्हणून फ्लेअरही सोडले. सुखोईनं दाद दिली नाही. 6 वाजून 43 मिनिटांनी ते सूर मारून खाली आलं आणि त्यानं मित्रसैन्याच्या जवळ बॉम्ब टाकले.

आता हॉर्नेटच्या वैमानिकापुढे प्रश्न दोन होते. डागायचं की नाही, याचं उत्तर नियमांत होतं: मित्रसैन्यावर हल्ला झाला तर बचावाचा अधिकार आहे. दुसरा प्रश्न तांत्रिक होता आणि त्याला काही सेकंदांतच उत्तर द्यायचं होतं. कोणतं शस्त्र वापरायचं?

पर्याय

अंतर साधारण अर्धा मैल, म्हणजे आठशे-नऊशे मीटर होतं. या अंतरावर तोफही चालली असती. पण तोफेसाठी सूर मारून वर येणाऱ्या विमानाच्या मागे नेमकं बसावं लागतं, आणि लक्ष्य फुटलं तर त्याचे तुकडे सरळ अंगावर येतात.

ॲमरामच्या नाकात स्वतःचं छोटं रडार असतं. दूरवर डागलं तर ते आधी विमानाकडून मिळणाऱ्या माहितीवर उडतं आणि शेवटच्या टप्प्यात स्वतःचं रडार चालू करतं. अगदी जवळून डागलं तर ते रडार जवळजवळ लगेच चालू होतं. दाट आकाशात याचा एक धोका असतो: स्वतःच्या रडारवर शोधणारं क्षेपणास्त्र समोर जे विमान आधी सापडेल त्याला धरू शकतं. आजूबाजूला आपलीच विमानं असली तर वैमानिक हे शस्त्र उचलताना दोनदा विचार करतो.

साइडवाइंडर याच अंतरासाठी बनलेलं आहे. वैमानिक हेल्मेटमधून ज्याकडे बघतो त्याकडे क्षेपणास्त्राचा शोधक डोळा वळतो, उष्णता पकडली की कानात सूर ऐकू येतो आणि मग कळ दाबायची. कोणाला धरलंय याबद्दल शंका राहत नाही. पाठीमागून, इंजिनाचा तापलेला नळा समोर असताना, जवळून डागायचं असेल तर पाठ्यपुस्तकाचं उत्तर साइडवाइंडर हेच आहे. हॉर्नेटच्या वैमानिकानं तेच निवडलं आणि मला तरी त्या निवडीत दोष दिसत नाही.

पहिलं क्षेपणास्त्र

ते विमानापासून सुटलं, धूर दिसला आणि मग वैमानिकाला धुराची रेघ दिसेनाशी झाली. क्षेपणास्त्राचं पुढे काय झालं हे त्या क्षणी आपल्याला कळलं नाही, असं त्यानं नंतर सांगितलं. सुखोई उडतच होतं. सुखोईनं फ्लेअर सोडले आणि त्यांनी क्षेपणास्त्राला फसवलं, असं बातम्यांतून आलं, आणि बहुतेक लोक आजही तेच खरं मानतात.

ते शक्य आहे का, हे बघायचं तर उष्णतावेधी क्षेपणास्त्राला नेमकं काय दिसतं तिथून सुरुवात करावी लागते. कोणतीही तापलेली वस्तू किरण बाहेर टाकते, आणि ती जितकी जास्त तापलेली तितकी त्या किरणांची तरंगलांबी कमी. जेट इंजिनाचा नळा साधारण 900 केल्व्हिनच्या आसपास असेल तर त्याचं सर्वाधिक तेज 3.2 मायक्रॉनच्या जवळ येतं. विमानाचं थंड कातडं 300 केल्व्हिनला 10 मायक्रॉनच्या जवळ चमकतं. मॅग्नेशियम आणि टेफ्लॉनच्या मिश्रणाचा फ्लेअर 2000 केल्व्हिनच्याही वर जळतो आणि त्याचं सर्वाधिक तेज दीड मायक्रॉनच्या खाली येतं.

साइडवाइंडरच्या पहिल्या पिढीचा शोधक थंड न केलेल्या लेड सल्फाइडचा होता. त्याला फक्त सर्वांत तापलेली गोष्ट दिसायची, म्हणून मागूनच डागावं लागे, आणि सूर्य किंवा फ्लेअर समोर आला की क्षेपणास्त्र खुशाल तिकडे जाई. पुढे इंडियम अँटिमोनाइडचा शोधक आला. तो खूप थंड ठेवला की 3 ते 5 मायक्रॉनमध्ये बघतो आणि त्याला विमान समोरूनही दिसतं. फ्लेअर ओळखण्याच्या युक्त्याही मग आल्या. एक म्हणजे दोन पट्ट्यांत तेज मोजून त्यांचं प्रमाण बघायचं. फ्लेअर छोट्या तरंगलांबीत फार जास्त चमकतो, इंजिन तसं चमकत नाही. दुसरी, दृश्यातलं तेज एकदम उसळलं तर तो फ्लेअर समजायचा आणि काही क्षण लक्ष्य आधीच्या वेगानंच पुढे गेलं असेल असं धरून चालायचं. तिसरी युक्ती वेगाची: फ्लेअर हलका असतो, हवेत सुटताच तो झपाट्यानं मंदावतो, विमान मात्र पुढे जात राहतं.

एआयएम-9एक्स याच्याही पुढे गेलं. त्याच्या शोधकात 128 बाय 128 बिंदूंची जाळी आहे, म्हणजे त्याला एक ठिपका न दिसता लहानसं चित्र दिसतं. जवळच्या अंतरावर विमानाला आकार येतो, फ्लेअर ठिपकाच राहतो. हे सगळं ऐकल्यावर वाटतं की जुन्या सोव्हिएत फ्लेअरची काय टाप?

पण मागून पाठलाग करताना भूमिती क्षेपणास्त्राच्या विरुद्ध जाते. लक्ष्य आडवं जात असेल तर फ्लेअर सुटल्यावर शोधकाच्या दृश्यात झटकन बाजूला जातो आणि ओळखू येतो. नेमक्या मागून बघताना तो बाजूला जातच नाही. तो विमानाच्या शेपटीतून मागे, म्हणजे क्षेपणास्त्राच्याच दिशेनं येतो. वेगाचा फरक भरपूर असतो, पण दृष्टीच्या रेषेवरचा फरक कोनात दिसत नाही. शिवाय फ्लेअर विमानापेक्षा जवळ असल्यामुळे आणखी तेजस्वी दिसतो आणि मागचं विमान त्याच्या आड जातं. त्यातून सगळं उड्डाण दोन-अडीच सेकंदांचं. चुकीचा निर्णय सुधारायला वेळच उरत नाही.

याच्या जोडीला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. शीतयुद्धात नेवाडाच्या वाळवंटात अमेरिकी हवाई दलाची 4477 वी चाचणी तुकडी खऱ्या सोव्हिएत विमानांवर सराव करायची. अफगाणिस्तानात पडलेल्या एका सुखोई-25 ची फ्लेअर सोडणारी पेटी तिच्या हाती आली. तंत्रज्ञांनी काही तासांत ती मिग-21 वर बसवली आणि 1987 मध्ये एआयएम-9पी तिच्यासमोर आणलं. अमेरिकी फ्लेअरकडे ते क्षेपणास्त्र ढुंकूनही बघत नव्हतं, सोव्हिएत फ्लेअरच्या मात्र मागे धावलं. कारण असं की सोव्हिएत फ्लेअर ओबडधोबड होते. एकाचं जळणं दुसऱ्यासारखं नव्हतं: कोणी लवकर पेटे, कोणी रेंगाळे, तेज कमीजास्त. क्षेपणास्त्राचा तर्क शिकला होता तो घरच्या, एकसारख्या फ्लेअरवर. ही हकीकत त्या तुकडीच्या माजी प्रमुखानं स्वतः जाहीरपणे सांगितली आहे. 2017 मध्ये तेच घडलं असं मी म्हणत नाही, शोधक पूर्ण वेगळा होता. पण फ्लेअर ओळखण्याची कोणतीही युक्ती ज्या फ्लेअरवर तपासली गेली त्याच्यापुरतीच भरवशाची, हा धडा तेव्हाचा आहे.

फ्लेअर सोडून दुसरी कारणंही मोकळी राहतात. जून महिन्यातली सीरियातली जमीन संध्याकाळीही तापलेली असते आणि क्षेपणास्त्र वरून खाली बघत होतं. क्षेपणास्त्राच्या पंखांच्या यंत्रणेत किंवा स्फोटाची वेळ ठरवणाऱ्या यंत्रात बिघाड असू शकतो. युद्धातल्या क्षेपणास्त्रावर चाचणीतल्यासारखं माहिती परत पाठवणारं उपकरण नसतं, त्यामुळे उलगडा विमानाच्या चित्रीकरणावरच करावा लागतो. तज्ज्ञ धुराची रेघ बघतात. सुटल्यापासूनच रेघ सरळ गेली असेल तर क्षेपणास्त्रानं कधी वळण घेतलंच नाही, म्हणजे संशय नियंत्रणावर किंवा लॉकवर. आधी लक्ष्याकडे वळून मग अचानक फुटून निघाली असेल तर फ्लेअर. लक्ष्याला खेटून गेली आणि स्फोट झाला नाही, तर स्फोटयंत्र. इथं रेघच दिसेनाशी झाली, म्हणून बाहेरच्या माणसाला तर्कावर थांबावं लागतं.

सुखोईच्या वैमानिकानं फ्लेअर सोडले असतील तर ते क्षेपणास्त्र पाहून सोडले असण्याची शक्यता कमी आहे. त्याच्याकडे इशारा देणारं यंत्र नव्हतं आणि क्षेपणास्त्र मागून येत होतं. जमिनीवर मारा करणारे वैमानिक सूर मारताना आणि वर येताना सवयीनंच फ्लेअर सोडतात, कारण खालून कोणी खांद्यावरचं क्षेपणास्त्र डागेल अशी भीती असते. म्हणजे फ्लेअरनं क्षेपणास्त्र चुकवलं असेल तर ते बहुधा दुसऱ्याच शत्रूसाठी सोडलेले होते.

दुसरा निर्णय

हॉर्नेटच्या वैमानिकासमोर आता दुसरा निर्णय आला आणि या प्रकरणातला सर्वांत शिकण्याजोगा क्षण हाच. पुन्हा साइडवाइंडर डागायचं, की शस्त्र बदलायचं? पहिलं का चुकलं हे त्याला माहीत नव्हतं. फ्लेअरमुळे चुकलं असेल तर दुसरंही त्याच कारणानं चुकेल. आकाशात फ्लेअर जळत असतील, तापलेली जमीन तिथंच असेल. यंत्रातल्या दोषामुळे चुकलं असेल तर कोणतंही दुसरं चालेल. म्हणजे दोन्ही शक्यता धरल्या तरी वेगळ्या भौतिकीवर चालणारं शस्त्र निवडणं शहाणपणाचं. त्यानं ॲमराम निवडलं. त्याच्या डोक्यात हाच हिशेब होता की प्रशिक्षणात मुरलेली सवय, हे सांगता येणार नाही. उत्तर तेच येतं.

ॲमरामला फ्लेअर दिसतच नाही. त्याला दिसतो तो रेडिओ लहरींचा प्रतिध्वनी आणि त्या प्रतिध्वनीची बदललेली कंप्रता. स्टेशनात येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी आणि जाणाऱ्या गाडीची उतरलेली ऐकू येते, तोच हा डॉप्लर परिणाम. रडारची लहर साधारण 3 सेंटिमीटरची धरू. मग जवळ येण्याच्या वेगाला दुप्पट करून 3 सेंटिमीटरनं भागलं की कंप्रतेतला फरक मिळतो.

सोपे आकडे घेऊ. क्षेपणास्त्र सेकंदाला 700 मीटर, लक्ष्य 250 मीटर. क्षेपणास्त्राला समोरची जमीन 700 मीटर वेगानं जवळ येताना दिसते, म्हणजे फरक सुमारे 47 किलोहर्ट्झ. लक्ष्य समोरून येत असेल तर वेगांची बेरीज 950 आणि फरक 63 किलोहर्ट्झ. जमिनीपासून तो स्पष्ट वेगळा, म्हणून पकडणं सोपं. लक्ष्य पळत असेल तर वेग 450 आणि फरक 30 किलोहर्ट्झ. हाही समोरच्या जमिनीपासून वेगळा. पण रडारच्या मुख्य झोताच्या बाजूनं थोडी शक्ती इकडेतिकडे गळते, आणि तिरप्या दिशेच्या जमिनीचा प्रतिध्वनी शून्यापासून 47 पर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. पळतं लक्ष्य त्या गोंगाटात बसतं. दूर अंतरावर हे क्षेपणास्त्राला जड जातं. जवळ मात्र नाही, कारण अंतर कमी होताना प्रतिध्वनीची ताकद त्याच्या चौथ्या घातानं वाढते. अंतर निम्मं झालं की प्रतिध्वनी सोळापट होतो. एक किलोमीटरवरच्या सुखोईचा प्रतिध्वनी गोंगाटाच्या कितीतरी वर असणार.

रडारवेधी क्षेपणास्त्राला चकवायची मुख्य युक्ती याच आकड्यांतून निघते. वैमानिक रडारच्या रेषेला काटकोनात वळतो. मग त्याचा स्वतःचा वेग जवळ येण्याच्या वेगात मोजलाच जात नाही. उरतो तो क्षेपणास्त्राचा 700, फरक पुन्हा 47, म्हणजे नेमका जमिनीइतका. रडार जमीन गाळून टाकतं, तिच्याबरोबर विमानही गाळलं जातं. वैमानिक याला नॉच म्हणतात. चाफचं कामही इथंच कळतं. चाफ म्हणजे धातूचा मुलामा दिलेले काचेचे बारीक तंतू. सुटले की ते क्षणात वाऱ्याच्या वेगावर येतात, त्यांचा फरकही 47. पळत्या विमानानं चाफ सोडला तर 30 आणि 47 मधला भेद क्षेपणास्त्राला सहज कळतो, तो फुकट जातो. काटकोनात असलेल्या विमानानं सोडला तर दोघं एकाच आकड्यावर येतात आणि क्षेपणास्त्राचा शोधक चाफच्या ढगावर सरकू शकतो. वळण न घेता नुसता चाफ उधळणं म्हणूनच आधुनिक क्षेपणास्त्रासमोर जवळपास निरुपयोगी. (पुण्याच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या प्रयोगशाळेच्या साथीनं जोधपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेनं भारतीय हवाई दलासाठी प्रगत चाफ 2021 मध्ये तयार केला. त्यालाही हीच भूमिती लागू पडते.)

सुखोईच्या वैमानिकाला हे करता आलं असतं का? 250 मीटर वेगानं, 5 जी ताण देऊन विमान सेकंदाला सुमारे 11 अंश वळतं. काटकोन गाठायला आठ सेकंद. इतक्या जवळून सुटलेलं क्षेपणास्त्र तीन-चार सेकंदांत पोचतं. ॲमरामच्या रडारची चाहूल त्याच्या यंत्रानं दिली असेलही, पण त्या चाहुलीचा उपयोग करायला सेकंद उरले नव्हते.

परिणाम

ॲमराम लागलं. सुखोई उजवीकडे आणि खाली कलंडलं, वैमानिक आसनासकट डावीकडे बाहेर फेकला गेला आणि वाचला. हॉर्नेटच्या वैमानिकानं तुकड्यांपासून वाचण्यासाठी झटकन विमान वळवलं. त्याच्या सांगण्यानुसार सगळं प्रकरण साधारण आठ मिनिटांत आटोपलं. त्यानंतर रशियानं फोनलाइन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि युफ्रेटिसच्या पश्चिमेला आघाडीची विमानं लक्ष्य समजली जातील असा इशारा दिला.

वेगळं काय करता आलं असतं

हॉर्नेटच्या बाजूनं पहिला विचार येतो तो दोन्ही क्षेपणास्त्रं एकापाठोपाठ लगेच डागण्याचा. लढाऊ वैमानिकांत यावर जुना वाद आहे: एक डागून बघावं, की दोन डागून मग बघावं. दोन डागली असती तर मधले सेकंद वाचले असते. पण लक्ष्य एकच होतं, ते प्रतिहल्ल्याच्या स्थितीत नव्हतं आणि जवळपास आपलं विमान असण्याची शक्यता होती. अशा वेळी एक डागून बघणं मला पटतं. समोर दोन मिग-29 असते, अंतर तीस किलोमीटर असतं, तर माझं मत उलट असतं.

दुसरी गोष्ट कोनाची. नेमक्या मागून डागण्याऐवजी वीस-तीस अंश बाजूनं डागलं असतं तर फ्लेअर दृश्यात बाजूला सरकला असता आणि चित्र बघणाऱ्या शोधकाला विमानाची लांबीही दिसली असती. सूर मारणाऱ्या विमानाच्या मागे त्या काही सेकंदांत कोन निवडता येतो का, हा प्रश्न कॉकपिटबाहेर बसून सोपा वाटतो. पण सरावात हा कोन आवर्जून घोटवण्यासारखा आहे.

सुखोईच्या वैमानिकाच्या बाजूनं खरा निर्णयाचा क्षण क्षेपणास्त्र सुटण्याच्या बराच आधी येऊन गेला होता. लांबून येणारं क्षेपणास्त्र चकवायला हातात पुष्कळ काही असतं. त्याचं इंजिन काही सेकंदच जळतं, पुढे ते साठवलेल्या वेगावर जातं. पाठ फिरवून खाली दाट हवेत उतरलं की त्याचा वेग ओसरतो आणि ते कमी पडतं. मग नॉच, मग चाफ. या सगळ्यांना अंतर लागतं. हॉर्नेट पुढून जाऊन फ्लेअर सोडतंय, याचा अर्थ अंतर संपलेलं आहे. तिथून पुढे सुखोईच्या हातात वळण घेऊन वेग कमी करणं, इंजिनाला जादा जोर देणारा आफ्टरबर्नर बंद ठेवून फ्लेअर सोडत राहणं, एवढंच उरतं. ते पहिल्या क्षेपणास्त्रापुरतं पुरलंही असेल.

इथं एक अडचण आहे आणि ती कोणत्याही जुन्या मारा करणाऱ्या विमानाला भेडसावते. उष्णतेपासून वाचायला इंजिन मंद करावं लागतं, रडारपासून वाचायला वेग टिकवून जोरात वळावं लागतं. दोन्ही एकदम होत नाहीत. कोणतं क्षेपणास्त्र येतंय हे कळलं तरच योग्य ते निवडता येतं, आणि सुखोईच्या कॉकपिटमध्ये ते सांगणारं काही नव्हतं. आजच्या विमानांवर शेपटीकडे आणि पोटाखाली येणाऱ्या क्षेपणास्त्राच्या इंजिनाचा अतिनील किंवा अवरक्त उजेड टिपणारे संवेदक बसवतात ते यासाठीच. त्यांनाही एक मर्यादा आहे: क्षेपणास्त्राचं इंजिन जळून संपलं की उजेड जातो आणि फार दूरवरून आलेलं क्षेपणास्त्र शेवटच्या टप्प्यात त्यांना दिसत नाही. जादीनवरच्या अर्ध्या मैलात ही मर्यादा आडवी आली नसती. दोन्ही क्षेपणास्त्रांची इंजिनं बहुधा जळत असतानाच ती सुखोईपर्यंत पोचली असणार, आणि निदान फ्लेअर कधी सोडायचे हे तरी वैमानिकाला समजलं असतं.